टीसीएसच्या भागधारक यादीत टाटा ट्रस्ट का दिसत नाहीत? धर्मादाय मालकी कागदावर कशी ओळखायची

केदार_पु

टाटा समूहाची मालकी धर्मादाय ट्रस्टांकडे आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग टीसीएसचा तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्न बीएसईच्या साइटवर उघडला, की प्रवर्तकांच्या तक्त्यात सुमारे ७१.७ टक्के हिस्सा टाटा सन्स प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर का दिसतो? ही तर खाजगी कंपनी झाली. ट्रस्ट कुठे सापडतात? एखादी कंपनी खरोखर धर्मादाय संस्थेच्या मालकीची आहे का, हे कागदपत्रांवरून शोधायची रीत हवी आहे. बातम्यांचे दुवे नकोत, कुठला फॉर्म उघडायचा आणि त्यात कुठे बघायचं ते सांगा.

तळटीप

केदार, तुम्ही बघितलं ते बरोबर आहे, फक्त एक मजला खाली थांबलात. सेबीच्या नियमानुसार सूचिबद्ध कंपनी तिमाही संपल्यावर २१ दिवसांत हा पॅटर्न देते. त्यात थेट भागधारकाचं नाव असतं, आणि टीसीएसची थेट भागधारक टाटा सन्सच आहे. ट्रस्ट त्याच्या वरच्या मजल्यावर आहेत.

त्यामुळे पुढचं पाऊल म्हणजे टाटा सन्सचे कागद. ती सूचिबद्ध नाही, म्हणून बीएसईवर काही मिळणार नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर "View Public Documents" मध्ये शंभर रुपये भरून कंपनीची फाइल उघडा. वार्षिक सभेनंतर ६० दिवसांत दिला जाणारा `MGT-7` हा वार्षिक विवरणपत्राचा फॉर्म शोधा आणि मूळ फॉर्मपेक्षा त्याला जोडलेली भागधारकांची यादी बघा. फॉर्मच्या आतल्या तक्त्यात फक्त वर्गवारीची बेरीज असते, नावं जोडपत्रात असतात. घाईत लोक जोडपत्र उघडतच नाहीत.

दुसरी जागा ताळेबंदात आहे. भागभांडवलाच्या टिपेत ५ टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या प्रत्येकाचं नाव द्यावं लागतं. टाटा सन्समध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट २७.९८ टक्के, सर रतन टाटा ट्रस्ट २३.५६ टक्के आणि शापूरजी पालनजी समूहाच्या दोन कंपन्या मिळून सुमारे १८.४ टक्के. लहान टाटा ट्रस्ट ५ टक्क्यांच्या आत असल्याने ते या टिपेत येत नाहीत, यादीतच सापडतात. सगळे ट्रस्ट धरले की बेरीज ६६ टक्क्यांच्या आसपास जाते.

टक्के काढताना एक चूक हमखास होते. टाटा सन्सचे साधे शेअर फक्त ४,०४,१४६ आहेत, दर्शनी किंमत प्रत्येकी १००० रुपये. म्हणजे साधं भांडवल ४०.४१ कोटी. कंपनीने प्रेफरन्स शेअर काढलेले असतील तर एकूण भरणा भांडवल त्याहून मोठं दिसतं, आणि त्याने भागलं की ट्रस्टांचा हिस्सा खोटाच लहान येतो. मालकी मोजायची तर भाजक साध्या शेअरांचाच घ्या.

गुरुजी_सातारा

चांगला विषय. आमच्या शिक्षण संस्थेकडे मुदत ठेवींत बरीच रक्कम आहे. टाटांप्रमाणे आम्हीही एखाद्या कंपनीचे शेअर घेऊन लाभांशावर शाळा चालवू शकू का? आणि कंपन्यांची जी फाउंडेशन असतात, ती याच प्रकारात येतात ना?

वर्षा_जे

गुरुजी, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथे बाण उलटा आहे. कंपनीचं सीएसआर फाउंडेशन म्हणजे कंपनीने स्थापलेली संस्था. पैसा कंपनीकडून संस्थेकडे जातो, पण कंपनीचे शेअर संस्थेकडे नसतात. केदार विचारतायत ती उलटी रचना, जिथे संस्था कंपनीची भागधारक आहे. नावात "फाउंडेशन" दिसलं एवढ्यावर दोन्हींत फरक कळत नाही. संस्थेचं नाव कंपनीच्या भागधारक यादीत आहे, की फक्त सीएसआर खर्चाच्या तक्त्यात आहे, ते बघायचं.

तुमच्या संस्थेबद्दल: घाई करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३५ गुंतवणुकीवर मर्यादा घालतं, आणि त्या यादीबाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. शिवाय प्राप्तिकर कायद्यात धर्मादाय संस्थेने साध्या कंपनीचे शेअर ठेवले तर सवलत धोक्यात येते. जुन्या कायद्यात हे कलम १३(१)(ड) मध्ये होतं. अपवाद होता तो १ जून १९७३ रोजी कॉर्पसमध्ये, म्हणजे मूळ निधीत, असलेल्या मालमत्तेचा. म्हणूनच जुन्या ट्रस्टांकडे दिसणारी ही रचना आज नव्याने सरळ उभी करता येत नाही. तुमचे हिशेब बघणाऱ्या सीएंना ठराव करण्याआधी विचारा, नंतर नको.

अंमळनेरकर

टाटांचं उदाहरण सगळे देतात, पण विप्रोबद्दल कुणी बोलत नाही. १९४५ साली आमच्या अंमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून सुरू झालेली कंपनी. प्रेमजींनी २०१९ मध्ये ६७ टक्के मालकी दान केली. म्हणजे विप्रोच्या पॅटर्नमध्ये ट्रस्टसमोर ६७ टक्के दिसत असणार. तिथे टाटांसारखी खाजगी कंपनी मध्ये नाही, सरळ ट्रस्ट आहे. उगाच दोन मजले चढायला नकोत.

तळटीप

अंमळनेरकर, ६७ चा आकडा बरोबर आहे, पण तो कशाचा आहे ते सुटलं. मार्च २०१९ मध्ये आणखी ३४ टक्क्यांचे आर्थिक लाभ दिल्याचं जाहीर झालं आणि एकूण ६७ टक्क्यांच्या *आर्थिक* मालकीचा उल्लेख आला. आर्थिक लाभ दिला म्हणजे शेअर ट्रस्टच्या नावावर चढले असं होत नाही.

पॅटर्न उघडून बघा. ट्रस्टच्या नावावर थेट हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. सगळ्यात मोठ्या ओळी हशम ट्रेडर्स, प्राझिम ट्रेडर्स आणि झॅश ट्रेडर्स या भागीदारी पेढ्यांच्या आहेत, आणि त्या "partner representing" असं लिहून व्यक्तीच्या नावाने येतात. भागीदारी पेढीला कंपनीच्या नोंदवहीत स्वतःच्या नावाने उभं राहता येत नाही, म्हणून भागीदाराचं नाव लागतं. फक्त हा तक्ता वाचणाऱ्याला वाटेल की कंपनी एका माणसाची आहे, आणि फक्त बातमी वाचणाऱ्याला वाटेल की ट्रस्टची आहे. लाभांश कुणाला आणि मत कुणाचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इथे त्यांची उत्तरंही वेगळी येतात.

विप्रोचा एक फायदा असा की तिचे रोखे अमेरिकेत सूचिबद्ध आहेत, त्यामुळे ती तिथे `20-F` हा वार्षिक अहवाल भरते. अमेरिकी बाजार नियामक एसईसीच्या एडगर साइटवर तो फुकट मिळतो. त्यातला "Major Shareholders" भाग काढा आणि तक्त्याखालच्या तळटिपा वाचा. कुठली पेढी, त्यात कुणाची भागीदारी, किती शेअर, आणि ट्रस्टकडच्या शेअरवर व्यक्ती लाभार्थी मालकी नाकारते आहे का, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या तिमाही तक्त्यात एवढं सापडत नाही.

अंमळनेरकर

बघितलं. पेढ्यांच्या ओळी खरंच मोठ्या आहेत आणि ट्रस्टची ओळ खाली आहे. मान्य. पण मग ६७ टक्के लाभ ट्रस्टला जातो हे भारतातल्या कुठल्या फॉर्मवर येतं? का फक्त बातमीवर विश्वास ठेवायचा?

वर्षा_जे

यासाठी दोन फॉर्म आहेत. नोंदवहीत नाव एकाचं आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम ८९ खाली दोघांनी कंपनीला कळवायचं आणि कंपनीने ३० दिवसांत `MGT-6` भरायचा. कलम ९० खाली लक्षणीय लाभार्थी मालकाचा `BEN-2` असतो, त्याची मर्यादा १० टक्के. सूचिबद्ध कंपनीच्या तिमाही पॅटर्नमध्येही लक्षणीय लाभार्थी मालकांचा वेगळा तक्ता शेवटी असतो. तो बहुतेक जण बघत नाहीत, पण धर्मादाय मालकी शोधणाऱ्याने आधी तोच बघावा.

मात्र तो वाचताना एक फसवी जागा आहे. भागधारक जर ट्रस्ट असेल, तर नियम सांगतो की धर्मादाय ट्रस्टमध्ये *विश्वस्ताला* लक्षणीय लाभार्थी मालक धरा. ठरावीक लाभार्थी असलेल्या ट्रस्टमध्ये लाभार्थ्याला, आणि रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये तो स्थापन करणाऱ्याला. म्हणजे फॉर्मवर विश्वस्ताचं नाव "beneficial owner" म्हणून छापून येतं, प्रत्यक्षात त्याला एक रुपयाही घरी न्यायचा नसतो. नाव दिसलं की "हा खरा मालक सापडला" असं लिहून मोकळे होणारे लेख मी बरेच वाचलेत. उलट, विश्वस्ताचं नाव तिथे येणं ही तो ट्रस्ट धर्मादाय किंवा विवेकाधीन असल्याची खूण आहे.

केदार_पु

हे फार उपयोगी पडलं. पण टीसीएसमध्ये मग टाटा ट्रस्टांच्या विश्वस्तांची नावं लक्षणीय लाभार्थी म्हणून का असू नयेत? ६६ गुणिले ७१.७ म्हणजे ४७ टक्के, १० च्या कितीतरी वर.

तळटीप

कारण नियम गुणाकार करत नाही. भागधारक जर कंपनी असेल, तर त्या कंपनीत *बहुमताचा* हिस्सा असलेली व्यक्ती शोधायला सांगतो. टाटा सन्समध्ये एकट्या कुठल्याही ट्रस्टकडे ५० टक्के नाहीत. दोराबजी आणि रतन ट्रस्ट मिळून ५१.५४ होतात, पण ते दोन वेगळे ट्रस्ट आहेत. त्याशिवाय, होल्डिंग कंपनी स्वतःच `BEN-2` देणारी असेल तर उपकंपनीने फक्त होल्डिंग कंपनीचा तपशील द्यायचा, अशी सूट आहे. म्हणून टीसीएसकडे जे सापडत नाही ते टाटा सन्सच्या फाइलमध्ये शोधायचं. खालच्या कंपनीच्या कागदात ट्रस्टचं नाव नाही यावरून ट्रस्टची मालकी नाही असं ठरत नाही.

तुमच्या ४७ टक्क्यांबद्दलही सांगतो. टीसीएसने १०० रुपये लाभांश दिला तर ७१.७ रुपये टाटा सन्सला जातात. त्यातले ४७.३ रुपये ट्रस्टांपर्यंत पोचतात असं मात्र म्हणता येत नाही. टाटा सन्सला त्यातून नव्या कंपन्यांत पैसे घालायचे असतात, आणि आपला लाभांश किती ते तिचं संचालक मंडळ सुचवतं. ४७ हा हक्काचा आकडा आहे. ट्रस्टांच्या हातात किती आले ते टाटा सन्सने जाहीर केलेल्या लाभांशावरूनच कळेल.

स्मिता_श्टुटगार्ट

इथे जर्मनीत हा प्रकार बराच आहे, म्हणून बॉशचं उदाहरण देते. नाशिकच्या कारखान्यामुळे नाव ओळखीचं असेल. भारतातल्या बॉश लिमिटेडच्या पॅटर्नमध्ये परदेशी प्रवर्तक म्हणून रॉबर्ट बॉश समूहाची एक गुंतवणूक कंपनी दिसते, आणि शोध तिथेच संपल्यासारखा वाटतो. वर जर्मनीतली रॉबर्ट बॉश जीएमबीएच, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. तिच्या भांडवलाचा सुमारे ९४ टक्के हिस्सा रॉबर्ट बॉश श्टिफ्टुंग या धर्मादाय संस्थेकडे आहे.

पण त्या संस्थेला मताचा अधिकार नाही. सुमारे ९३ टक्के मतं रॉबर्ट बॉश इंडस्ट्रीट्रॉयहांट केजी नावाच्या वेगळ्या संस्थेकडे आहेत. पैसा एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे, असं मुद्दाम तोडलं आहे.

हे शोधायचं तर `handelsregister.de` वर कंपनी काढा, कागदपत्रं २०२२ पासून फुकट उतरवता येतात. तिथे `Gesellschafterliste` म्हणजे भागधारकांची यादी मिळते. त्या यादीत हिश्शाची दर्शनी रक्कम आणि टक्केवारी असते, मतांचा उल्लेख नसतो. मतं कुणाकडे ते कंपनीच्या नियमावलीत असतं, तीही त्याच ठिकाणी वेगळ्या फाइलमध्ये आहे. यादी वाचून थांबलात तर उत्तर निम्मं राहील.

आणखी एक गंमत वाटावी असा मुद्दा: ही श्टिफ्टुंग कायद्याने स्वतःच जीएमबीएच आहे. नावापुढे कंपनीची शेपटी असली तरी ती धर्मादाय असू शकते.

तळटीप

स्मिताताईंचा शेवटचा मुद्दा भारतातही लागू आहे. कलम ८ खालची कंपनी भागधारक असेल तर तिच्या नावात "प्रायव्हेट लिमिटेड" असेलच असं नाही आणि "ट्रस्ट" तर बहुधा नसेलच. तिचा २१ अक्षरी कंपनी ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन, बघा. वर्षाच्या चार आकड्यांनंतर तीन अक्षरं येतात. खाजगी कंपनीला `PTC`, पब्लिकला `PLC`, नफा न वाटण्याच्या अटीवर परवाना मिळालेल्या कंपनीला `NPL`. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे.

आणि नियमावलीचा मुद्दा टाटांच्या बाबतीत तर कळीचा आहे. टाटा सन्सच्या आर्टिकल्समध्ये अशी तरतूद आहे, की टाटा ट्रस्टांकडे मिळून किमान ४० टक्के साधे शेअर असेपर्यंत दोन मोठे ट्रस्ट एक तृतीयांश संचालक नेमू शकतात, आणि बोर्डात त्या संचालकांच्या बहुमताची संमती लागते. भागधारक यादीतून हे कधीच कळलं नसतं. आर्टिकल्स एमसीएवर आहेत, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २६ मार्च २०२१ च्या टाटा-मिस्त्री निकालात ही कलमं शब्दशः उद्धृत आहेत. वाचायला तो निकाल सोपा पडतो.

केदार_पु

मग यादीत "ट्रस्ट" शब्द दिसला की किती खूश व्हायचं? मी दोन-तीन मध्यम कंपन्या चाळल्या, प्रत्येकीत कुठला ना कुठला ट्रस्ट आहे.

वर्षा_जे

बहुतेक वेळा खूश व्हायचं कारण नसतं. प्रवर्तकांच्या तक्त्यात `Any Other (specify)` या ओळीखाली ट्रस्ट येतात, आणि त्यातले बरेच कौटुंबिक खाजगी ट्रस्ट असतात. नाव "फॅमिली" किंवा "बेनिफिट" असेल तर बहुधा घरचाच. "प्रवर्तकही नाही, जनताही नाही" या चौथ्या तक्त्यातला ट्रस्ट हा साधारणपणे कर्मचाऱ्यांच्या शेअर योजनेचा असतो, त्याचा दानधर्माशी संबंध नाही.

शंका असेल तर दोन ठिकाणी पडताळा. महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या साइटवर नावाने शोधून नोंदणी क्रमांक मिळतो का ते बघा. खाजगी ट्रस्टची तिथे नोंद नसते. दुसरं, विश्वस्तांची नावं. सार्वजनिक विश्वस्त संस्थेला डीमॅट खातं संस्थेच्या नावाने उघडता येतं, खाजगी ट्रस्टचं खातं विश्वस्तांच्या नावाने असतं. जुने कागदी शेअर मात्र दोन्ही प्रकारांत विश्वस्तांच्या नावावर अडकलेले सापडतात, त्यामुळे ही खूण एकटी पुरेशी नाही.

त्यात आणखी एक घोळ. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला बदल अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो, पण तो मंजूर होऊन शेअर नोंदवहीत नावं बदलेपर्यंत काळ जातो. म्हणून यादीत निवृत्त किंवा दिवंगत विश्वस्ताचं नाव तसंच राहिलेलं दिसू शकतं. शिवाय एकाच ट्रस्टचे शेअर दोन-तीन फोलिओत वेगवेगळ्या विश्वस्तांच्या नावक्रमाने विखुरलेले असतात. नावाने शोधून एकच ओळ धरली तर बेरीज कमी पडते. ट्रस्टच्या नावाने आणि प्रत्येक विश्वस्ताच्या नावाने, दोन्ही शोध घ्या आणि शेवटी एकूण शेअर ४,०४,१४६ सारख्या माहीत असलेल्या आकड्याशी जुळवा.

तळटीप

वर्षाताई, एका मुद्द्यावर तुमचं मत हवं आहे. दोन मोठ्या ट्रस्टांवर काही विश्वस्त सामाईक असतील आणि आर्टिकल्सने ते एकत्र संचालक नेमत असतील, तर लेखा मानकानुसार त्यांना एकत्र अंतिम नियंत्रक पक्ष म्हणायला हवं, असं मला वाटतं. टीसीएसच्या संबंधित पक्षांच्या टिपेत टाटा सन्स होल्डिंग कंपनी म्हणून येते आणि साखळी तिथेच थांबते.

वर्षा_जे

मला तसं वाटत नाही. ट्रस्ट ही कंपनीही नाही आणि बॉडी कॉर्पोरेटही नाही, त्यामुळे कायद्याच्या अर्थाने तो होल्डिंग कंपनी होत नाही. मानकातलं नियंत्रण म्हणजे संबंधित निर्णय एकतर्फी घेण्याची ताकद. एक तृतीयांश संचालकांच्या संमतीचा अधिकार हा मला अडवण्याचा अधिकार वाटतो, चालवण्याचा नाही. सभेतल्या ६६ टक्के मतांचं तुमचं म्हणणं वजनदार आहे, पण दोन ट्रस्ट दर वेळी एकच मत देतील असं बांधून ठेवणारा करार असेल तरच मी ते एकत्र धरेन.

तळटीप

करार नसला तरी संचालक संयुक्तपणेच नेमायचे आहेत, हीच बांधणी नाही का? मला इथे अजून पटलेलं नाही. टाटा सन्सच्या ताळेबंदातली संबंधित पक्षांची टीप आणि आर्टिकल्स शेजारी ठेवून पुन्हा वाचतो आणि इथे लिहितो.

गुरुजी_सातारा

कलम ३५ बद्दल आभार. ठराव मागे घेतला. एक विचारू का, संस्थेला कुणी माजी विद्यार्थ्याने शेअर *देणगी* म्हणून दिले तर?

वर्षा_जे

तो वेगळा आणि नाजूक प्रश्न आहे, गुरुजी. जुन्या प्राप्तिकर कायद्यात अशा देणगीतली मालमत्ता ज्या आर्थिक वर्षात मिळाली, ते संपल्यापासून एका वर्षात विकून मंजूर गुंतवणुकीत वळवायची मुभा होती. मुदत चुकली तर अडचण. नव्या कायद्यातली शब्दरचना आणि मुदत तुमच्या सीएंकडून लेखी घ्या, आणि शेअर स्वीकारायच्या आधी घ्या. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.